मेगर पास म्हणतो, तरी मोटर नापास

समजा, पंपहाउसमधली ६.६ केव्हीची नवी मोटर पावसाळाभर शेडमध्ये पडून होती. चालू करण्याआधी तिची केबल सोडवून वेगळी तपासतात, नाहीतर दोष कुणाचा हे कळत नाही. मग वाइंडिंग आणि अर्थिंग केलेली बॉडी यांच्यामध्ये मेगरने २५०० व्होल्ट डीसी लावतात.

एका मिनिटाला काटा १८० मेगओहमवर. अशा मोटरला ४० अंश तापमानाला किमान १०० लागतात, म्हणजे पास. पण टेक्निशियन मेगर बंद करत नाही. दहाव्या मिनिटाला आकडा येतो जेमतेम २१६.

दहाव्या मिनिटाचा आकडा भागिले पहिल्या मिनिटाचा, हा पोलरायझेशन इंडेक्स. इथे तो १.२ येतो, आजच्या इन्सुलेशनला किमान २ हवा. कोरड्या वाइंडिंगमध्ये करंट हळूहळू उतरतो, म्हणून रोध चढत जातो. ओल किंवा धूळ असली की पृष्ठभागावरून गळणारा करंट तसाच वाहत राहतो आणि आकडा अडकतो.

स्पेस हीटरने वाइंडिंग वाळवून, थंड झाल्यावर पुन्हा मोजतात: ९०० आणि २७००, इंडेक्स ३. आता हरकत नाही.

पहिल्याच मिनिटाला ५००० मेगओहमच्या वर आकडा असेल, तर इंडेक्सवर विसंबत नाहीत. एक्सएलपीई केबलचाही निकाल त्यावर लावत नाहीत, तिथे तिन्ही फेजचे आकडे ताडून पाहतात. शेवटी वाइंडिंग किमान चाळीस मिनिटे अर्थला जोडून ठेवतात, कारण त्यात साठलेला चार्ज झटका देऊ शकतो.