तळपायाचा फोटो डॉक्टरांना पाठवताना

मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना हळूहळू कमी होत जाते. चपलेतला खिळा टोचला तरी कळत नाही. म्हणून डॉक्टर रोज तळवे बघायला सांगतात. पण साठीनंतर पाय उचलून तळवा डोळ्यांसमोर आणणं अनेकांना जमत नाही. अशा वेळी आरसा जमिनीवर भिंतीला तिरपा टेकवायचा, खुर्चीत बसायचं आणि पाऊल त्याच्यासमोर धरायचं. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, सगळं नीट दिसतं.

रोजच्या पाहणीला आरसा पुरतो, पण डॉक्टरांना पाठवायच्या फोटोसाठी तो अडचणीचा ठरतो. आरशातून टिपलेला डावा तळवा फोटोत उजव्यासारखा दिसतो, कारण अंगठ्याची बाजू उलटते. शिवाय कॅमेरा कधी काचेवरच्या डागांवरच फोकस धरतो आणि पाऊल धूसर येतं. घरात दुसरं कुणी नसेल तर काच पुसून घ्यावी, स्क्रीनवर पावलाच्या प्रतिबिंबावर बोट टेकवून फोकस करावा आणि फोटोसोबत ‘डावा पाय, आरशातून’ असं लिहून पाठवावं. मात्र कुणी मदतीला असेल तर आरसा बाजूला ठेवलेलाच बरा.

समजा, डाव्या अंगठ्याखाली चवड्यावर घट्टा आहे आणि त्याच्या मधोमध काळपट ठिपका दिसतोय. पाय धुऊन कोरडा करावा. मलम, हळद, पावडर काहीही लावू नये, कारण त्यानं खरा रंग झाकला जातो. खिडकीजवळच्या पलंगावर पालथं झोपून पावलं कडेबाहेर सोडावीत. मदतनिसानं बुटक्या स्टुलावर बसून फोन तळव्याच्या अगदी समोर धरावा. उजेड दिवसाचा हवा, पण थेट ऊन नको. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर त्वचा पांढुरकी येते.

फोटो तीन काढावेत. पहिल्यात पूर्ण तळवा यावा, म्हणजे ठिपका नेमका कुठे आहे ते कळतं. दुसरा जवळून, ठिपक्याशेजारी त्याच पातळीत शाळेची मोजपट्टी धरून. मोजपट्टीखाली पांढरा कागद ठेवला तर रंगाचाही अंदाज येतो. फोन फार जवळ नेला की चित्र धूसर होतं, त्यामुळे वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करावं. तिसरा फोटो कडेनं तिरका घ्यावा, म्हणजे घट्टा किती उंच आलाय ते समजतं. लगेच फोटो मोठा करून बघावा. तळव्यावरच्या बारीक रेषा सुट्या दिसल्या तर फोटो जमला, नाहीतर पुन्हा काढावा.

एवढी खटपट कशासाठी? घट्ट्यातला काळा ठिपका म्हणजे कधी कधी दाबानं आत साचलेलं रक्त असतं आणि त्याखाली जखम तयार होत असते. ती आहे की नाही, हे फोटो सांगू शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांना घट्टा खरवडून बघावा लागतो, आणि घरी ब्लेडनं तो कापणं मधुमेहींसाठी धोक्याचं आहे. फोटोत ऊब येत नाही, वास येत नाही. म्हणून पाऊल गरम लागलं, पू किंवा दुर्गंध आला, लाली पसरू लागली किंवा ताप आला, तर उत्तराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बाकीच्या जागांना थोडा फरक करावा लागतो. टाळूचा फोटो केस कोरडे असताना काढावा, कारण तेलकट डोक्यावर उजेड चमकतो. मदतनिसानं कंगव्यानं भांग पाडून केस दोन्ही बाजूंना क्लिपनं धरावेत. पाठीचा पहिला फोटो मान आणि कंबर दोन्ही दिसतील असा घ्यावा. नुसता डाग टिपला तर तो पाठीच्या कोणत्या भागावर आहे ते कळत नाही. काखेत, स्तनांखाली किंवा जांघेत घाम साचतो, तेव्हा आधी मऊ कापडानं तो टिपून घ्यावा. घडी हलकेच उचलून धरावी, ताणू नये, कारण ताणलेल्या त्वचेवर डागाचा आकार आणि रंग बदलून दिसतो.

असे फोटो कुणाकडून काढून घ्यायचे, हे ज्याचं अंग आहे त्यानंच ठरवावं. चेहरा फ्रेमबाहेर ठेवावा. फोटो मदतनिसाच्या फोनवर काढला असेल तर पाठवल्यावर तो तिथून काढून टाकावा आणि ऑनलाइन बॅकअपमध्ये गेलाय का तेही बघावं. व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर बारकावे पुसट होत नाहीत. सोबत तारीख, कोणता पाय आणि ठिपका कधीपासून आहे, एवढं लिहावं. आठवड्यानं पुन्हा फोटो मागितला तर तीच खिडकी, तेच अंतर आणि तीच मोजपट्टी वापरावी, म्हणजे ठिपका वाढलाय की नाही हे दोन फोटो शेजारी ठेवून ठरवता येतं.