एका वेळी एक दाता

आमच्या घरातल्या लंबकाच्या घड्याळाला वडील दर रविवारी सकाळी किल्ली देत. स्टुलावर चढायचं, काचेचं दार उघडायचं, तबकडीवरच्या दोन भोकांत आळीपाळीने किल्ली घालून करकर फिरवायची. एखादा रविवार चुकला की सोमवार-मंगळवारी घड्याळ निमूटपणे थांबायचं. लहानपणी माझी ठाम समजूत होती की तो हलणारा लंबकच घड्याळ चालवतो, आणि किल्लीने वडील त्या लंबकात जोर भरतात. पुढे एकदा दुरुस्तीसाठी घड्याळ उघडलं तेव्हा घड्याळजींनी आतली चाकं दाखवली. लंबक घड्याळ चालवत नाही, तो ते अडवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घड्याळ चालवते ती पितळी डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग. किल्ली दिली की ती आवळली जाते आणि मग उलगडायला धडपडते. तिला अडवणारं काही नसतं, तर चाकं गरगर फिरली असती, काटे पंख्यासारखे धावले असते आणि आठवड्याची शिदोरी बघता बघता संपली असती. जोर आहे, पण वेळेची जाण नाही.

लंबकाचं नेमकं उलट. त्याला वेळेची जाण आहे, जोर नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला त्याला किती वेळ लागेल हे मुख्यतः त्याच्या लांबीवर ठरतं. खालची चकती जड आहे की हलकी, याने जवळजवळ काही बिघडत नाही. सुमारे 25 सेंटिमीटरचा लंबक एका झोक्याला अर्धा सेकंद घेतो, सुमारे 99 सेंटिमीटरचा पूर्ण एक सेकंद. पण नुसता टांगून सोडून दिला, तर हवेच्या आणि टांगणीच्या घर्षणाने त्याचा झोका लहान लहान होत जातो आणि काही वेळाने तो थांबतो.

या दोघांची गाठ घालून देणारी रचना म्हणजे एस्केपमेंट. चाकांच्या साखळीतल्या शेवटच्या चाकाला टोकदार दाते असतात. त्याच्या डोक्यावर जहाजाच्या नांगरासारखा दिसणारा एक पोलादी तुकडा डुलत असतो, आणि त्याच्या दोन हातांची टोकं दात्यांमध्ये उतरतात. नांगरातून एक बारीक दांडी खाली येते आणि लंबकाला धरते, त्यामुळे लंबक हलला की नांगरही हलतो. लंबक उजवीकडे गेला की नांगराचा उजवा हात उचलला जातो आणि तिथे अडकलेला दाता सुटतो. चाक पुढे उसळतं, पण जेमतेम अर्ध्या दात्याएवढंच, कारण तोवर डावा हात खाली आलेला असतो. पलीकडचा दाता त्याच्यावर आदळतो. टिक! लंबक परत फिरला की हाच खेळ उलट्या बाजूने होतो. टॉक! रात्री घरभर ऐकू येणारा तो आवाज लंबकाचा नसतोच. धावू पाहणारा दाता दर वेळी पकडला जातो, त्याचा तो आवाज.

खरी करामत मात्र दाता सुटताना होते. नांगराच्या हाताची टोकं तिरपी घासलेली असतात. निसटता दाता त्या उतारावरून घसरतो आणि जाता जाता हाताला हलकासा धक्का देतो. तो धक्का दांडीमधून लंबकाला पोहोचतो आणि घर्षणात गेलेला जोर भरून निघतो. म्हणजे लंबक स्प्रिंगला एका वेळी एकच दाता सोडू देतो, आणि त्या बदल्यात स्प्रिंग त्याला झोका देते.

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच इंग्लिश घड्याळांत याचा हिशेब डोळ्यांनी दिसतो. तिथे लंबकाचा झोका एका सेकंदाचा आणि त्या चाकाला 30 दाते. एका दात्यामागे दोन झोके, म्हणजे चाकाचा एक फेरा बरोबर 60 सेकंदांत. म्हणून सेकंदकाटा थेट त्या चाकाच्याच आसावर बसवलेला असतो. नीट पाहिलं तर प्रत्येक टिकनंतर तो किंचित मागे सरकतो. लंबक आपला झोका पुरा करताना चाकाला जरा मागे रेटतो, ही त्याची खूण.

पहिलं लंबकाचं घड्याळ डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स याने 1656 मध्ये तयार केलं. त्यात नांगर नव्हता. जुनी यंत्रणा होती आणि तिला लंबकाचा झोका खूप मोठा लागायचा. नांगर आला इंग्लंडात, 1670च्या आसपास. तो रॉबर्ट हुकचा की विल्यम क्लेमंटचा, हा वाद अजून मिटलेला नाही. त्याने झोका थोड्या अंशांवर आणला, आणि हे फार महत्त्वाचं होतं. झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो असं आपण शाळेत शिकतो; ते पूर्ण खरं नाही. मोठ्या झोक्याला किंचित जास्त वेळ लागतो. मध्यापासून दोन्ही बाजूंना 2 अंश झुलणारा लंबक 3 अंशांपर्यंत झुलू लागला, तर एवढ्यानेच दिवसाला सुमारे 8 सेकंदांचा फरक पडतो.

वडिलांचा रविवार मला इथे उमगला. स्प्रिंगचा जोर आठवडाभर सारखा नसतो. नुकती आवळलेली स्प्रिंग जोरात ढकलते, उलगडत आलेली मलूल ढकलते. त्याप्रमाणे झोका कमी-जास्त होतो आणि चालही थोडी बदलते. ठरल्या दिवशी किल्ली दिली की दर आठवड्याला स्प्रिंगचा तोच भाग वापरला जातो, शेवटचा अगदी मलूल भाग वापरायची वेळ येत नाही. घड्याळ आठ दिवसांचं आणि किल्ली सातव्या दिवशी, ती त्यासाठी. दुसरं भोक टोल्यांच्या स्प्रिंगचं. एक ते बारा टोल्यांची बेरीज 78, म्हणजे दिवसाला 156 टोले, अर्ध्या तासांचे वेगळेच. ती स्प्रिंग आधी संपली, तर घड्याळ चालत राहतं, फक्त मुकं होतं.

लागणारा जोर मात्र अगदी थोडा. त्या उंच इंग्लिश घड्याळात स्प्रिंगऐवजी वजन असतं. साधारण साडेपाच किलोचं वजन दीडेक मीटर खाली उतरतं, तेवढ्यावर काटे आठ दिवस फिरतात. इतक्या थोडक्या ऐवजावर संसार चालायचा, म्हणून जराशी अडचणही जड जाते. किल्ली जास्त दिल्याने घड्याळ बंद पडलं, असं लोक सर्रास म्हणतात. घड्याळजींचं म्हणणं वेगळं होतं. स्प्रिंग पूर्ण आवळणं हा गुन्हा नाही. जुनं तेल चिकट होऊन धुळीसकट आसांत बसतं, आणि मग पूर्ण आवळलेल्या स्प्रिंगचाही जोर शेवटच्या चाकापर्यंत पोहोचत नाही.

रोज पाच मिनिटं मागे पडणाऱ्या घड्याळाचा इलाज त्याहून सोपा. चकतीखालचा स्क्रू फिरवून चकती वर घ्यायची, म्हणजे लंबक आखूड होऊन वेग वाढतो. 25 सेंटिमीटरच्या लंबकाला पावणेदोन मिलिमीटर पुरतात. एका दिवसात निकाल लावू नये. फेरा द्यावा, चोवीस तास वाट पाहावी, मग पुढचा.

एकदा घराला रंग दिल्यावर आमचं घड्याळ परत टांगलं आणि ते तासाभराने थांबू लागलं. किल्ली भरलेली, तेल ताजं. वडिलांनी डोळे मिटून आवाज ऐकला. टिक-टॉक... टिक-टॉक... असा लंगडा चालला होता. घड्याळ तिरकं बसल्यामुळे एका बाजूचा दाता लवकर सुटत होता आणि दुसऱ्या बाजूला लंबक कसाबसा पोहोचत होता. त्यांनी पेटीचं खालचं टोक बोटाने जरासं डावीकडे सरकवलं, पुन्हा ऐकलं, आणखी केसभर सरकवलं. दोन्ही आवाजांतलं अंतर सारखं झालं तेव्हा त्यांनी नव्या रंगावर पेन्सिलीने पेटीच्या कडेला रेघ मारली. आई त्यावरून दोन दिवस बोलत नव्हती.