आकडा लहान, छिद्र मोठे

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पातळ पात्यांचे एक कडे असते. पाती एकमेकांवर सरकली की मधले छिद्र लहान-मोठे होते. या छिद्रालाच अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचे माप कॅमेऱ्याच्या पडद्यावर f/2, f/5.6, f/16 असे दिसते, आणि नवशिक्यांची गडबड इथेच उडते, कारण आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे.

हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला, म्हणजे फोकल लेंग्थला, समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटर उघडले असेल तर f/2, आणि सव्वासहा मिलिमीटर असेल तर f/8. नुसता व्यास न सांगता भागाकार सांगण्याची सोय अशी, की लेन्स कोणतीही असली तरी तोच आकडा साधारण तेवढाच उजेड देतो. १०० मिलिमीटरची लेन्स प्रतिमा मोठी करते, त्यामुळे तिच्यातला उजेड अधिक जागेवर पसरून पातळ होतो. ती उणीव तिचे मोठे छिद्र भरून काढते.

1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 ही मालिका विचित्र वाटते. पण उजेड छिद्राच्या व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर ठरतो. आकडा सुमारे १.४ पटीने वाढला की क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून मालिकेतल्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होत जातो.

संध्याकाळी घराच्या ओसरीत बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा आहे असे धरू. कॅमेरा f/8 वर 1/15 सेकंद मागतो. एवढ्या वेळात माणसाने मान जराशी हलवली तरी चेहरा पुसट येतो. f/2 वर आल्यास चार पायऱ्या चढल्या, म्हणजे उजेड सोळा पट झाला. आता आयएसओ तोच ठेवूनही सुमारे 1/250 सेकंद पुरतो आणि चेहरा स्पष्ट येतो.

या उजेडाची किंमत मात्र खोलीत मोजावी लागते. मोठ्या छिद्रातून येणारे किरण रुंद शंकूसारखे फोकसच्या प्रतलावर मिळतात. माणसाच्या मागची भिंत त्या प्रतलात नसते, त्यामुळे भिंतीवरचा प्रत्येक बिंदू चित्रात एक चकती होऊन पसरतो. छिद्र मोठे तर चकतीही मोठी. मागे दिवे असतील तर या चकत्या सरळ डोळ्यांना दिसतात. पाती पूर्ण उघडी असताना त्या मधोमध गोल असतात आणि कडेला बदामी होतात. छिद्र लहान केले की त्यांना बहुधा पात्यांच्या संख्येचे कोन फुटतात.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरचा माणूस टिपला, तर f/8 वर सुमारे पाऊण मीटर खोलीतले सारे स्पष्ट दिसते. f/1.8 वर हा पट्टा जेमतेम १७ सेंटिमीटर उरतो. माणूस एक मीटरवर आला तर चारच सेंटिमीटर. तेवढ्यात नाकाचे टोक आणि कान दोन्ही बसत नाहीत. मान तिरकी असेल तर एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर येतो. असा फोटो बिघडला की दोष बहुधा हात हलण्यावर ढकलला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. हात हलला असेल तर सगळेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसते. फोकस चुकला असेल तर चेहऱ्याच्या पुढे किंवा मागे काहीतरी, मग ती शर्टाची गुंडी का असेना, नेमके स्पष्ट सापडते. उपाय म्हणजे फोकस जवळच्या डोळ्यावर धरणे, आणि दोन-तीन जण मागे-पुढे बसले असतील तर f/5.6 किंवा f/8 वर जाणे. लग्नाच्या मंडपात तीन रांगांचा ग्रुप f/1.8 वर काढणारा छायाचित्रकार मागच्या रांगेच्या रोषाला पात्र ठरतो.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधली काही दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात टिपली, ती मुळात नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिलिमीटर f/0.7 लेन्सवर. फोकसची खोली इतकी कमी होती, की नटांना पुढे-मागे हलण्याची फारशी मुभाच नव्हती.

उलट टोकाला, f/16 किंवा f/22 वर जाऊन सगळे लख्ख मिळेल ही अपेक्षाही फसते. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सबंध चित्र थोडे मऊ पडते. बऱ्याच लेन्स f/5.6 ते f/8 च्या आसपास सर्वांत स्पष्ट असतात.

मोबाइलवरही f/1.8 लिहिलेले असते, पण त्याच्या लेन्सचे खरे नाभीय अंतर काही मिलिमीटरच असल्याने छिद्रही तेवढेच चिमुकले. म्हणूनच उजेड भरपूर मिळूनही मागची भिंत स्पष्टच राहते, आणि पोर्ट्रेट मोडमध्ये ती धूसर करण्याचे काम सॉफ्टवेअरवर पडते. केसांच्या बटा किंवा चष्म्याची काडी मागच्या धुक्यात विरलेली दिसली, तर ते त्याचेच काम.