पुढचा जॅक मुका, मागचा बोलका

दिवाळीच्या साफसफाईत भाच्याने स्वतःचा डेस्कटॉपही काढला. कॅबिनेट उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, रॅमची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला, सगळं ठीक. संध्याकाळी लेक्चर ऐकायला पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातला, तर शुकशुकाट. टेबलाखाली वाकून, वायरींच्या गुंत्यात हात घालून मागच्या हिरव्या जॅकमध्ये तोच हेडफोन घातला, तर खणखणीत आवाज.

"मामा, पुढचा जॅक गेला. दुकानात विचारलं तर म्हणाले, पॅनेल बदलावं लागेल, नाहीतर मागूनच ऐक."

दुकानदाराने कॅबिनेट उघडूनही पाहिलं नव्हतं. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पुढचा माइक चालतो का?" त्याने कॉलर माइक शेजारच्या गुलाबी जॅकमध्ये लावून पाहिला. चालला. तिथेच माझा अर्धा संशय एका जागेवर येऊन बसला.

मागचा जॅक वाजतो याचा अर्थ काय, ते आधी बघू. मागचे जॅक मदरबोर्डवरच डाख देऊन पक्के बसवलेले असतात. पुढचा जॅक कॅबिनेटच्या तोंडाशी असतो आणि बोर्डाशी त्याचा संबंध फक्त एका वायरीने. पण दोन्हीकडे आवाज पाठवणारी चिप बहुतेक एकच. तेव्हा मागून आवाज आला की हेडफोन, विंडोज आणि चिप या तिघांची सुटका झाली. उरतात तीन जण: पुढचा जॅक, त्याची वायर, आणि पुढे आवाज सोडायचा की नाही हे ठरवणारा ड्रायव्हर.

ती वायर बोर्डावर जिथे लागते तिथे दोन रांगांत उभ्या पिना असतात, पाच-पाचच्या. एक पिन मुद्दाम गाळलेली, म्हणून प्रत्यक्षात नऊच. याला हेडर म्हणतात. शेजारी बारीक अक्षरांत HD_AUDIO, F_AUDIO, JAUD1 किंवा AAFP असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक बोर्डांवर हा हेडर खालच्या कडेला, मागच्या जॅकांच्या बाजूच्या कोपऱ्यात असतो. म्हणजे पुढच्या पॅनेलपासून सगळ्यात लांब. वायर तिथपर्यंत जेमतेम पोचते, ताणलेली राहते आणि आत कुणाचा हात गेला की पहिली तीच ओढली जाते.

आता खरी गंमत. या वायरीतून फक्त आवाज जात नाही, एक बातमीही जाते. हेडफोन आत गेला की जॅकमधला छोटासा स्विच मिटतो आणि चिपला कळतं की पुढे कुणीतरी आलंय. चिप हे ओळखते रेझिस्टरवरून. प्रत्येक जॅकला वेगळ्या किमतीचा रेझिस्टर ठरवून दिलेला असतो: 5.1, 10, 20 आणि 39.2 किलोओम. प्रत्येक किंमत आधीच्या साधारण दुप्पट, म्हणून कितीही जॅक एकत्र भरले तरी एकूण आकडा वेगळाच येतो आणि एकाच तारेवरून कोणकोण आलंय ते कळतं. मला हा हिशेब फार आवडतो. दाराची एकच घंटा, पण वाजवणारा कोण ते आत बसून कळावं, तसं.

बातमी पोचली नाही तर चिप आवाज सोडतच नाही. म्हणून पुढच्या जॅकच्या मुकेपणाचे दोन प्रकार पडतात. आवाजाची तार तुटलेली असू शकते, किंवा आवाजाची तार धडधाकट असून बातमीची तार सुटलेली असू शकते. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच.

त्यातला कोणता, हे कॅबिनेट न उघडता कळतं. भाच्याला म्हटलं, हेडफोन पुढे घाल आणि स्क्रीनकडे बघ. रियलटेकचा ड्रायव्हर असेल तर बहुधा कोपऱ्यात काहीतरी जोडल्याची सूचना येते. त्याच्याकडे मागच्या जॅकला सूचना येत होती, पुढच्याला नाही. म्हणजे बातमीच पोचत नव्हती.

मग ड्रायव्हरमधली एक सेटिंग वापरली. रियलटेकच्या ऑडिओ मॅनेजरमध्ये उजव्या कोपऱ्यात फोल्डरचं चिन्ह असतं, त्याच्या आत `Disable front panel jack detection` अशी ओळ. नव्या आवृत्त्यांत तिची जागा बदलते, म्हणून थोडं शोधावं लागतं. तिथे खूण केली की ड्रायव्हर बातमीची वाट बघणं सोडतो आणि पुढे हेडफोन आहेच असं धरून चालतो.

खूण केल्याबरोबर आवाज आला. भाचा खूश, "झालं मामा!" मी म्हटलं, "थांब. दोन्ही कानांत येतोय?" तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "नाही, फक्त उजव्या."

बरेच जण इथे हेडफोन उलटसुलट करून बघतात आणि नवा विकत आणतात. पण मागच्या जॅकमध्ये दोन्ही कान चालत होते. हेडरच्या पिनांचे नंबर ठरलेले आहेत. माइकचा आवाज पिन 1 आणि 3 वर. उजव्या कानाचा आवाज 5 वर. माइक आल्याची बातमी 6 वर. डाव्या कानाचा आवाज 9 वर आणि हेडफोन आल्याची बातमी 10 वर. हेडर म्हणजे पाच पायऱ्यांची शिडी समजा: पहिल्या पायरीवर 1 आणि 2, शेवटच्या पायरीवर 9 आणि 10. भाच्याकडे माइक चालत होता, उजवा कान चालत होता. बंद होत्या दोनच गोष्टी, डावा कान आणि हेडफोनची बातमी. दोन्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर, शेजारीशेजारी. प्लग एका टोकाला उचलला गेला होता, दुसरं काही नाही. ब्लोअर आत घालताना वायर ओढली गेली असावी.

आता उघडायला हरकत नव्हती. कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद, पॉवरची केबल काढायची आणि मग चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पुढून पाहिलं तर डाव्या हाताची बाजू, मागचे दोन स्क्रू. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते.

त्याने व्हिडिओ कॉलवर मोबाइल आत धरला. काळा प्लग हेडरवर होता, पण तिरका. एका कडेला फट दिसत होती, तिच्यात पिनांची पिवळी चमक. वरून पाहिलं तर "लागलेला आहे" असंच कुणीही म्हणेल. "दाबू का?" "नको, आधी काढ." तिरका प्लग तसाच दाबला तर एखादी पिन वाकते. प्लगला धरून, वायरीला नाही, सरळ वर ओढला. पिना सरळ आहेत हे पाहिलं. वाकलेली असती तर रिकाम्या पेन्सिल-पेनचं टोक तिच्यावर चढवून हळूच उभी करता येते. प्लगमध्ये एक भोक बुजवलेलं असतं, ते गाळलेल्या पिनेच्या जागी आलं पाहिजे. शेजारचा यूएसबीचा हेडरही दिसायला असाच दहा घरांचा, पण त्याची नववी पिन गाळलेली असते आणि ऑडिओची आठवी. म्हणून चुकीच्या जागी तो सहज जात नाही. न जाणारा प्लग जोर लावून घालू नये, एवढंच.

जुन्या कॅबिनेटांत या वायरीला दोन प्लग असतात, एकावर HD AUDIO, दुसऱ्यावर AC'97. दुसरा लावला तरी बसतो, पण त्या जुन्या पद्धतीत हेडफोन आल्याची बातमी पाठवण्याची सोयच नव्हती. तिथे मागच्या स्पीकरचा आवाज आधी पुढच्या जॅकमधून फिरून परत यायचा, आणि पुढची वायर सुटली की मागचाही आवाज जायचा. तक्रार निदान लगेच कळायची. कॅबिनेट खरोखरच इतकं जुनं असेल आणि दुसरा प्लगच नसेल, तर ती बातमी न बघण्याची सेटिंग हाच तिथला कायमचा उपाय. काही बोर्डांच्या बायोसमध्येही `Front Panel Type` असं लिहिलेलं सापडतं, HD किंवा AC97 निवडायला.

भाच्याच्या बाबतीत मात्र ती खूण काढणं गरजेचं होतं. ती तशीच राहिली तर ड्रायव्हरला पुढे हेडफोन कायमच लावलेला वाटतो आणि काही कॉम्प्युटरांवर मग मागचे स्पीकर गप्प बसतात. घरचे म्हणणार, आता मागचंही गेलं.

याच्या उलटही होतं. सूचना येते, जॅक ओळखला जातो, तरी आवाज नाही. तिथे कॅबिनेट उघडण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरमध्ये पुढचा आणि मागचा जॅक वेगळे चालवण्याची सोय असते, म्हणजे स्पीकरवर गाणं आणि हेडफोनवर मीटिंग. ती कुणी चालू केली असेल तर विंडोजला पुढचा जॅक वेगळं उपकरण म्हणून दिसतो, बहुधा `Realtek HD Audio 2nd output` या नावाने, आणि आवाज मात्र जुन्याच उपकरणाकडे जात राहतो. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करायचं:

```
mmsys.cpl
```

आवाजाच्या उपकरणांची यादी उघडते. गाणं लावून ठेवायचं आणि ज्या उपकरणाशेजारची हिरवी पट्टी हलते तिकडे आवाज जातोय असं समजायचं. पुढच्या जॅकवर क्लिक करून `Set Default` दाबलं की काम झालं. यादीत तो नसेलच तर मोकळ्या जागी राइट क्लिक करून `Show Disabled Devices` बघावं, कधी कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो.

आणि पॅनेल बदला म्हणणारा दुकानदार कधी बरोबर ठरतो? जॅक हलवला की आवाज येतो-जातो, पिन अर्धवट बाहेर ओढून धरली तरच एक कान चालतो, प्लग पक्का असूनही असंच होतं, तेव्हा. आतली पट्टी झिजलेली असते. तेव्हासुद्धा मागून एक्स्टेन्शन केबल पुढे आणणं किंवा यूएसबीचा छोटा साउंड ॲडॅप्टर लावणं पॅनेलपेक्षा सोपं पडतं.

भाच्याने प्लग सरळ धरून दोन्ही कडांवर सारखा दाब देऊन बसवला. वायर ग्राफिक्स कार्डाच्या वरून आडवी गेली होती, ती बोर्डाच्या मागच्या बाजूने फिरवली तेव्हा दोन बोटं ढिली मिळाली. कॉम्प्युटर लावला, खूण काढली, हेडफोन पुढे घातला. कोपऱ्यात सूचना आली.

"डावा?" मी विचारलं.

"आधी डावाच तपासला, मामा."