सलूनच्या भिंतीवरचा कागद

बऱ्याच सलूनांत आरशाशेजारी दोन पाट्या दिसतात. एक ‘उधार मागू नये’ आणि दुसरी ‘स्वच्छता राखा’. पहिली पाळली जाते, कारण उधारी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरीचं तसं नाही. एका कारागिराच्या लेखी टॉवेलला पुसलेला कंगवा स्वच्छ, तर दुसऱ्याच्या लेखी संध्याकाळी साबणाच्या पाण्यात बुडवलेला. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. सलूनच्या कामाची पद्धत कागदावर लिहायची ती यासाठी, की ‘झालं’ म्हटलं तर नेमकं काय झालं हे मालकाला, कारागिराला आणि कालच कामाला लागलेल्या मुलाला सारखंच कळावं.

समजा, तालुक्याच्या गावातलं तीन खुर्च्यांचं सलून आहे. मालक स्वतः एका खुर्चीवर, दोन कारागीर आणि झाडलोट करणारा एक मदतनीस. सोमवारी सुट्टी, रविवारी बाकावर बसायला जागा नाही. इथे लिहायला बसल्यावर मालकाच्या हातून पहिलं वाक्य उतरतं ते असं : ‘हत्यारं रोज निर्जंतुक करावीत.’ कोणती, कशाने, किती वेळ आणि कोणी, यातलं काहीच त्यात नाही. म्हणून त्याची फोड करू.

कंगव्यापासून सुरुवात करू. आधी अडकलेले केस काढायचे, मग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवायचा. त्यानंतर द्रावण. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के लिहिलं असेल, तर ते 100 मिली आणि पाणी 900 मिली. त्यात कंगवा पूर्ण बुडवून 10 मिनिटं ठेवायचा, साध्या पाण्याने खळबळायचा, वाळवून झाकणाच्या डब्यात टाकायचा. क्रम उलटला तर मेहनत फुकट, कारण तेल, कोंडा आणि केस द्रावणातलं क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी फारसं काही उरत नाही. ठेवून ठेवून द्रावणाचा जोरही कमी होतो, त्यामुळे ते रोज सकाळी नवं करायचं आणि दिवसात गढूळ झालं तर तेव्हाच बदलायचं. आणखी एक ओळ लाल शाईने हवी : हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि सलूनमधली न्हाणीघरं कोंदटच असतात.

कात्रीला आणि ट्रिमरच्या पात्याला मात्र हे द्रावण चालत नाही. पोलाद गंजतं. तिथे केस झटकून, पुसून 70 टक्क्यांचं स्पिरिट मारायचं आणि ते आपोआप वाळू द्यायचं. मारलं की लगेच फडक्याने पुसून टाकायची सवय सगळीकडे दिसते, पण स्पिरिटचं काम पातं ओलं असेपर्यंतच चालतं. नंतर पात्यावर तेलाचे एकदोन थेंब. ट्रिमर बंद असतानाच, आणि तापलेल्या स्ट्रेटनरपासून लांब, कारण स्पिरिट पेट घेतं.

आता खरी अडचण. एका कटिंगला वीस मिनिटं लागतात असं धरू. कंगवा धुणं, बुडवणं, वाळवणं मिळून अर्धा तास जातो. म्हणजे खुर्चीमागे एकच कंगवा असेल तर लिहिलेली पद्धत रविवारी साडेनऊलाच मोडणार, आणि त्यात कारागिराचा दोष नाही. खुर्चीमागे निदान तीन कंगवे हवेत, शिवाय ‘धुतलेले’ आणि ‘वापरलेले’ असे दोन डबे. कागदावर वेळ मांडली की दुकानात काय कमी आहे ते असं उघडं पडतं. मालक रागावण्याऐवजी कंगवे विकत आणतो, हा लिहिण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा.

दाढीच्या बाबतीत बहुतेकांनी अर्धी लढाई जिंकलेली आहे. नवं ब्लेड गिऱ्हाइकासमोर फोडलं जातं. राहतो तो वस्तऱ्याचा दांडा, ज्याच्या फटीत रक्त शिरू शकतं, आणि राहते तुरटी. एकच वडी सकाळपासून प्रत्येकाच्या कापलेल्या गालावर फिरते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, निदान सात दिवस तग धरतो, हे कळल्यावर त्या वडीकडे बघवत नाही. तिथे पद्धतीत सरळ लिहावं : तुरटीची पूड करून, कापसावर घेऊन लावायची आणि कापूस टाकून द्यायचा. वापरलेलं ब्लेड जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाला फट पाडलेल्या डब्यात. कचऱ्याच्या पिशवीत टाकलं तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. आणि निळ्या दिव्याची पेटी धुतलेली हत्यारं ठेवायला चांगली. न धुतलेल्यांचं ती काही करत नाही, कारण उजेड पडेल तेवढ्याच पृष्ठभागावर तिचा परिणाम.

हे सगळं झालं पद्धतीचं पान. ते शिकताना वाचायचं. भिंतीवरचा कागद म्हणजे तपासयादी, आणि ती वेगळी गोष्ट आहे. ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ लिहिणारे शल्यविशारद अतुल गावंडे (वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी) यांनी याद्यांचे दोन प्रकार सांगितलेत : एकेक ओळ वाचत काम करायची यादी आणि काम हातासरशी उरकून शेवटी थांबून पडताळायची यादी. सलून उघडताना पहिली बरी, कारण क्रमाला महत्त्व आहे : गिझर लावला, द्रावण केलं, मग झाडून घेतलं, टॉवेल आणि ब्लेडची पाकिटं मोजली, गल्ल्यात सुट्टे ठेवले. बंद करताना सगळे दमलेले असतात आणि हात सवयीने चालतात, तेव्हा दुसरी. तिच्यात झाडणं लिहूच नये. केस पडलेले दिसतातच, ते कोणी विसरत नाही. विसरलं जातं ते असं :

वॅक्स हीटर, स्ट्रेटनर, गिझर : प्लग काढले.
ओले टॉवेल बादलीत दाबून ठेवलेले नाहीत; धुवायला दिले किंवा वाळत घातले.
वापरलेल्यांचा डबा रिकामा.
द्रावण ओतून टाकलं, भांडं उपडं.
रोख आणि यूपीआय मिळून आजचा हिशेब : ______
कुलूप लावणाऱ्याची सही आणि वेळ : ______

पाच-सहा ओळींपलीकडे यादी गेली की कोणी वाचत नाही, नुसत्या खुणा करतं. खोट्या खुणा ओळखणं सोपं आहे. महिन्याच्या कागदावर सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या रेषेत असतील, तर त्या एका बैठकीत झालेल्या आहेत. त्यावर दटावून उपयोग होत नाही. खुणेच्या जागी भरायला काहीतरी द्यावं : द्रावण केल्याची वेळ, ब्लेडची उरलेली पाकिटं, गल्ल्यातली रक्कम. पाकिटांचा आकडा दुसऱ्या दिवशी मोजून जुळवता येतो, म्हणून तो कोणी मनाने लिहीत नाही.

मसुदा झाल्यावर तो नव्या मदतनिसाच्या हातात द्यावा आणि गप्प बसून बघावं. ‘थोडं द्रावण’ असं कुठे राहून गेलं असेल तर तो तिथेच अडतो आणि विचारतो, “दादा, थोडं म्हणजे किती?” त्या जागी माप लिहायचं. मोजपेला नसेल तर बाटलीचं झाकण मापून घ्यायचं, मगवर रंगाने रेघ मारायची. मग कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बेसिनच्या वर लावावा, गल्ल्यामागे नाही. दोन महिन्यांनी जी ओळ एकदाही चुकली नाही ती खोडावी आणि मधल्या काळात जे राहून गेलं ते तिच्या जागी घ्यावं.