परत आलेला माल आणि वहीतल्या दोन नोंदी

विकलेला माल ग्राहकाकडून परत आला की दुकानदाराच्या हिशेबात दोन गोष्टी बदलतात. ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम कमी होते आणि गोदामातला माल वाढतो. पहिला बदल विक्रीच्या भावाने होतो, तर दुसरा त्या मालाच्या खरेदी किमतीने. या दोन किमतींतला फरक हा विक्रीच्या वेळी धरलेला नफा असतो. माल परत आल्यावर तो नफाही वहीतून काढावा लागतो. विक्री परतीच्या सगळ्या नोंदी याच हेतूने केल्या जातात.

सांगलीतल्या पंख्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचे एक काल्पनिक उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. त्याने मिरजेच्या एका किरकोळ दुकानदाराला २० छताचे पंखे प्रत्येकी २,००० रुपयांनी उधारीवर विकले. विक्रीची रक्कम ४०,००० रुपये झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२०० रुपये लागले. दोन्ही व्यापारी महाराष्ट्रातलेच असल्याने हा कर सीजीएसटी ३,६०० आणि एसजीएसटी ३,६०० असा विभागला गेला. बिल ४७,२०० रुपयांचे झाले. गाडीभाडे धरून हे पंखे व्यापाऱ्याला प्रत्येकी १,५०० रुपयांना पडले होते, म्हणजे एकूण ३०,००० रुपयांना.

साठ्याची नोंद रोजच्या रोज ठेवणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीत या विक्रीच्या दोन नोंदी होतात. पहिलीत दुकानदाराचे खाते ४७,२०० रुपयांनी नावे पडते, तर विक्री ४०,००० आणि कराची दोन खाती प्रत्येकी ३,६०० रुपयांनी जमा होतात. दुसरीत विकलेल्या मालाचा खर्च हे खाते ३०,००० रुपयांनी नावे आणि मालसाठा तेवढ्याच रकमेने जमा होतो. ढोबळ नफा १०,००० रुपये दिसतो.

आठवड्याने दुकानदाराने चार पंखे परत पाठवले. मागितलेला रंग तपकिरी होता आणि आले होते पांढरे. माल गोदामात आला की आधी त्याची मोजणी होते. खोके बंद आहे का, पाती वाकली आहेत का, हे पाहून आवक चिठ्ठी लिहिली जाते. या चिठ्ठीच्या आधाराने व्यापारी ग्राहकाच्या नावे क्रेडिट नोट काढतो. व्यवहारात तिला जमाचिठ्ठीही म्हणतात, कारण तिच्यामुळे ग्राहकाचे खाते जमा होते. काही दुकानदार मालासोबत स्वतःची डेबिट नोट पाठवतात. ती मागणी असते. विक्रेत्याच्या वहीतली नोंद मात्र त्याच्या स्वतःच्या क्रेडिट नोटवरून होते.

क्रेडिट नोटवर तिचा अनुक्रमांक आणि तारीख, दोन्ही पक्षांची नावे, पत्ते आणि जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, परत आलेल्या मालाचे करपात्र मूल्य, कराचा दर आणि कमी होणारी कराची रक्कम लिहावी लागते. यातला मूळ बिलाचा संदर्भ सर्वांत उपयोगी, कारण माल कोणत्या भावाने आणि कोणत्या करदराने गेला होता हे त्यावरून कळते. मूळ बिलात सूट दिली असेल तर क्रेडिट नोटही सूट वजा जाता उरलेल्या भावानेच काढायची असते. छापील भावाने काढली तर ग्राहकाने जेवढे देणे होते त्याहून जास्त त्याला परत मिळते.

चार पंख्यांचे विक्रीमूल्य ८,००० रुपये आणि कर १,४४० रुपये, म्हणून क्रेडिट नोट ९,४४० रुपयांची होते. तिची नोंद अशी:

विक्री परत खाते नावे ८,०००
सीजीएसटी खाते नावे ७२०
एसजीएसटी खाते नावे ७२०
मिरजेच्या दुकानदाराचे खाते जमा ९,४४०

हे ८,००० रुपये विक्री खात्यालाच नावे टाकले तरी बेरीज बिघडत नाही. तरीही विक्री परत हे वेगळे खाते ठेवतात, कारण त्यातून वर्षभरात किती माल परत आला हे एका नजरेत दिसते. नफा-तोट्याच्या हिशेबात मात्र हा आकडा विक्रीतून वजा करून निव्वळ विक्रीच दाखवली जाते. दुकानदाराने बिल आधीच चुकते केले असेल तरी नोंद हीच राहते. फरक एवढाच की त्याच्या खात्यात जमा बाकी उरते. ती पुढच्या बिलात वळती होते किंवा बँकेतून परत दिली जाते. रोखीच्या विक्रीत पैसे हातोहात परत दिले, तर ग्राहकाऐवजी रोकड खाते जमा होते.

दुसरी नोंद मालाची:

मालसाठा खाते नावे ६,०००
विकलेल्या मालाचा खर्च खाते जमा ६,०००

इथे चार पंखे १,५०० रुपयांच्या भावाने परत साठ्यात गेले, २,००० च्या नव्हे. निव्वळ विक्री आता ३२,००० रुपये, विकलेल्या मालाचा खर्च २४,००० रुपये आणि ढोबळ नफा ८,००० रुपये. विकून राहिलेल्या १६ पंख्यांवर प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे हिशेब जुळला.

हीच नोंद विक्रीच्या भावाने, ८,००० रुपयांनी केली असती तर खर्च २२,००० वर आला असता आणि नफा १०,००० रुपयेच राहिला असता. चार पंखे गोदामात पडून आहेत, तरी त्यांच्यावरचा २,००० रुपयांचा नफा वहीत कायम, असे चित्र दिसले असते. दुसरी नोंद करायचीच राहिली तर उलट घडते. विक्री ३२,००० रुपये, खर्च ३०,००० रुपये आणि नफा फक्त २,००० रुपये. तेव्हा गोदामात मोजल्यावर चार पंखे जास्त निघतात.

खरेदी किंमत कोणती घ्यायची हा पुढचा प्रश्न. दरम्यान कंपनीने भाव वाढवला आणि नवे पंखे १,६०० रुपयांना आले असले, तरी परत आलेले पंखे १,५०० नेच साठ्यात घ्यायचे. ज्या किमतीने माल साठ्यातून गेला त्याच किमतीने तो परत येतो. मूळ बिलाचा संदर्भ नसेल तर ही किंमत शोधणे अवघड जाते. मग चालू भाव लावला जातो आणि १०० रुपयांचा काल्पनिक फायदा प्रत्येक पंख्यामागे हिशेबात शिरतो.

या नियमाला एक मर्यादा आहे. साठ्याची किंमत खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांपैकी जी कमी असेल तीच धरली जाते. चारपैकी एका पंख्याचे पाते वाकले आहे असे समजू. दुरुस्तीला १०० रुपये लागतील आणि नंतर तो १,१०० रुपयांना विकला जाईल, म्हणजे हातात १,००० रुपये येतील. आधी चारही पंखे ६,००० रुपयांनी साठ्यात घ्यायचे आणि मग वेगळ्या नोंदीने मालाचे नुकसान खाते ५०० रुपयांनी नावे व मालसाठा ५०० रुपयांनी जमा करायचा. साठा ५,५०० रुपयांवर येतो. दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्याने परतीचा परिणाम आणि मोडतोडीचे नुकसान एकमेकांत मिसळत नाहीत. मूळ दोष कारखान्याचा असेल तर व्यापारी तो पंखा आपल्या पुरवठादाराकडे परत पाठवतो. ती मात्र खरेदी परतीची स्वतंत्र नोंद असते.

अनेक लहान दुकाने साठ्याची रोजची नोंद ठेवत नाहीत. तिथे विक्री परत पुस्तकात पहिली नोंदच होते. दुसरी नोंद वर्षअखेरीच्या मोजणीतून आपोआप साधते, कारण परत आलेला माल अखेरच्या साठ्यात खरेदी किमतीने मोजला जातो. धोका मार्चच्या शेवटच्या दिवसांत असतो. समजा चार पंखे २९ मार्चला गोदामात आले, ३१ मार्चच्या मोजणीत धरले गेले आणि क्रेडिट नोट ४ एप्रिलला निघाली. मग त्या वर्षी विक्री ४०,००० रुपये आणि खर्च २४,००० रुपये दिसतो. नफा ८,००० ऐवजी १६,००० रुपये होतो आणि दुकानदाराकडून येणे ९,४४० रुपयांनी फुगते. म्हणून वर्षअखेरीला मार्चच्या आवक चिठ्ठ्या आणि एप्रिलच्या क्रेडिट नोटा समोरासमोर ठेवून तपासतात. माल मार्चमध्ये आला असेल तर परतही मार्चचीच धरली जाते.

कराच्या बाजूला वेळेचे बंधन वेगळे आहे. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ३४ नुसार अशा क्रेडिट नोटची माहिती संबंधित महिन्याच्या विवरणपत्रात द्यावी लागते. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरल्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जी तारीख आधी येईल तीच अखेरची मुदत असते. ती उलटली तरी ग्राहकाला ८,००० रुपयांची सवलत देता येते, पण १,४४० रुपयांचा कर कमी करून मिळत नाही. तो खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो. शिवाय मिरजेच्या दुकानदाराने खरेदीवरचा कर आपल्या देण्यातून वळता करून घेतला असेल, तर त्यालाही परत केलेल्या मालावरचे १,४४० रुपये उलटवावे लागतात. एकाने कर कमी केला आणि दुसऱ्याने वळतावळत तशीच ठेवली, तर तेवढा कर सरकारला कमी मिळेल.

क्रेडिट नोटचा गैरवापरही होतो. वसुली करणारा कारकून ग्राहकाकडून ९,४४० रुपये घेतो, ते वहीत दाखवत नाही आणि ग्राहकाची बाकी मिटवण्यासाठी माल परत आल्याची खोटी क्रेडिट नोट काढतो. ग्राहकाचे खाते चोख जुळते, म्हणून त्याची तक्रार येत नाही. इथे मालाची नोंद उपयोगी पडते. ती केलेली असेल तर वहीत चार पंखे वाढतात, पण गोदामात ते सापडत नाहीत. केलेली नसेल तर क्रेडिट नोटला जोड देणारी साठ्याची नोंद आणि आवक चिठ्ठी दोन्ही गायब असतात. म्हणूनच माल घेणारा, क्रेडिट नोट काढणारा आणि रोकड स्वीकारणारा ही तीन कामे वेगवेगळ्या माणसांकडे ठेवतात. जिथे एवढी माणसे नसतात तिथे मालक प्रत्येक क्रेडिट नोटवर आवक चिठ्ठीचा क्रमांक पाहूनच सही करतो.