शिखराजवळचं क्षेत्रफळ

१ ते १० या संख्यांचा गुणाकार, म्हणजे १० चं क्रमगुणित, ३६,२८,८०० येतं. तो गुणाकार हाताने करता येतो. १००० चं क्रमगुणित मात्र तसं काढू म्हटलं तर कठीण. ते संकलनाच्या रूपात मांडलं की वाट सापडते:

n! = ∫₀^∞ xⁿ e⁻ˣ dx

इथे xⁿ वाढत जातं आणि e⁻ˣ घटत जातं. दोघांच्या ओढाताणीत x = n पाशी एक शिखर तयार होतं. n जितका मोठा, तितकं हे शिखर आपल्या उंचीच्या मानाने निमुळतं. n = १० असताना x = १५ पाशी वक्राची उंची शिखराच्या सुमारे ३९ टक्के असते. n = १०० असताना तितक्याच प्रमाणात दूर, म्हणजे x = १५० पाशी, ती दहाहजाराव्या भागाहूनही कमी उरते. म्हणून जवळजवळ सगळं क्षेत्रफळ शिखराभोवतीच साठतं, आणि आपल्याला शिखराचाच आकार नीट कळला तरी पुरतं.

त्यासाठी xⁿ e⁻ˣ ला e च्या घातात लिहू. घातांक होतो n ln x − x. x = n + t घेऊन शिखराजवळ त्याचा विस्तार केला, तर t चं पद नाहीसं होतं, कारण शिखरावर चढ शून्य असतो. उरतं ते असं:

n ln n − n − t²/(2n)

t² चं हे पद म्हणजेच घंटाकृती वक्र. त्याखालचं क्षेत्रफळ √(2πn) असल्याचं माहीत आहे. मूळ संकलनात t ची सुरुवात −n पासून होते. ती −∞ पर्यंत मागे नेली तरी चालतं, कारण तिकडे भर नगण्यच पडते. म्हणून

n! ≈ nⁿ e⁻ⁿ √(2πn)

n = १० साठी शिखराची उंची सुमारे ४,५३,९९९ आणि घंटेची परिणामी रुंदी ७.९२७. गुणाकार येतो सुमारे ३५,९८,७००. चूक एक टक्क्याहूनही कमी!

हे सूत्र स्टर्लिंगच्या नावाने ओळखलं जातं. लाप्लासने १७७४ मध्ये संभाव्यतेवरच्या लेखात शिखराजवळच्या विस्ताराची ही पद्धत वापरली.

उरलेली चूक कुठून येते? शिखर दोन्ही बाजूंनी अगदी सारखं नसतं, t³ आणि t⁴ ची पदं आपण सोडलेली असतात. एकट्या t³ चा परिणाम डावी-उजवीकडे फिटतो. पण त्याचा वर्ग आणि t⁴ मिळून सुमारे 1/(12n) एवढी सापेक्ष चूक राहते. म्हणून n दुप्पट केल्यावर ती निम्मी व्हायला हवी. तशी झाली नाही, तर मांडणी तपासावी.

बहुधा दोष शिखराच्या जागेत सापडतो. संकलन x = n पासूनच सुरू होत असेल, तर अर्धीच घंटा हाती येते आणि उत्तरही निम्मं धरावं लागतं. शिखराचा माथा सपाट असेल, म्हणजे t² चं पदच शून्य असेल, तर घंटाकृती वक्र लागूच पडत नाही. तिथे पुढच्या पदापासून नव्याने हिशेब मांडावा लागतो.